एलयूटी भरायचं राहिलं, खिशातून जीएसटी गेला; ९० हजार परत कसे मिळवायचे?

परदेशी क्लायंटचं काम, पण एलयूटी म्हणजेच हमीपत्र भरलेलंच नाही. मग निर्यातीवर १८ टक्के आयजीएसटी भरावा लागतो. हे पैसे बुडाले का? नाही. पण ते आपोआप परतही येत नाहीत.

उदाहरण पाहू

समजा, पुण्यातल्या एका ॲप डिझायनरने एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कंपनीला ५ लाखांचं बिल दिलं. एलयूटी नसल्याने त्याने ९० हजार रुपये आयजीएसटी भरला. त्यातले २० हजार लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरच्या खरेदीवरच्या इनपुट क्रेडिटमधून गेले, ७० हजार रोख. क्लायंटने फक्त ५ लाखच दिले, म्हणजे कराचा भार डिझायनरवरच पडला. रिफंड मात्र पूर्ण ९० हजारांचा मागता येतो आणि क्रेडिटमधून भरलेले २० हजारही बँक खात्यातच येतात.

अर्ज कुठे करायचा?

मालाच्या निर्यातीत शिपिंग बिल हाच रिफंडचा अर्ज मानला जातो. सेवेला शिपिंग बिल नसतं, म्हणून जीएसटी पोर्टलवर RFD-01 हा अर्ज स्वतः भरावा लागतो. त्यात 'Export of services with payment of tax' हा पर्याय निवडायचा. सोबत बिलांचा तपशील आणि परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा पुरावा, म्हणजे एफआयआरसी किंवा बीआरसी, जोडायचा.

घोडं अडतं कुठे?

बहुतेक वेळा GSTR-3B मध्ये. निर्यातीची रक्कम आणि कर 3.1(b) या रकान्यात हवा. अनेक जण तो देशांतर्गत विक्रीच्या 3.1(a) मध्ये टाकतात. पोर्टल 3.1(b) मधल्या आयजीएसटीपेक्षा जास्त रिफंड मागूच देत नाही. त्यामुळे अर्जाआधी त्या महिन्याचं रिटर्न उघडून पाहा. GSTR-1 मध्येही बिल 6A तक्त्यात, कर भरून केलेली निर्यात म्हणून दिसायला हवं. चूक असेल तर आधी सीएकडून ती निस्तरून घ्या.

मुदत किती?

दोन वर्षं. काम आधी पूर्ण झालं असेल, तर पैसे खात्यात आल्याच्या तारखेपासून ती मोजतात. आपल्या डिझायनरला २२ मे २०२५ रोजी पैसे मिळाले असतील, तर मे २०२७ उलटण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पैसे आगाऊ आले असतील, तर मुदत बिलाच्या तारखेपासून सुरू होते.

अर्ज परिपूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा. त्यानंतरच्या विलंबावर वर्षाला ६ टक्के व्याज मिळतं. कागद अपुरे असतील तर RFD-03 हा त्रुटी मेमो येतो आणि अर्ज नव्याने करावा लागतो.

पुढच्या वेळी?

एलयूटी पोर्टलवरच RFD-11 मध्ये भरता येतं, शुल्क नाही. मात्र ते एका आर्थिक वर्षापुरतंच चालतं. दर १ एप्रिलला नवं लागतं. ते राहिलं, तर पुन्हा हेच ९० हजार अडकतात.