चिठ्ठीतले ‘ओडी’

सूर्यमाळच्या आरोग्य शिबिरात डॉक्टरांची चिठ्ठी रुग्णाच्या कार्डावर उतरवायचे काम माझ्याकडे असते. पूर्वी ‘ओडी’ दिसले की मी सरळ ‘दिवसातून एकदा’ लिहीत असे; गोळ्यांच्या चिठ्ठीत बहुधा तोच अर्थ असतो. मग एका आजींची डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी आली: ‘ओडी, टीडीएस’. टीडीएस म्हणजे तीनदा. एकदा की तीनदा? डॉक्टरच चुकले असे समजून मी ‘ओडी’ गाळणार होते. नर्सबाई म्हणाल्या, “अगं, डोळ्यांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे उजवा डोळा!” गाळले असते, तर थेंब कोणत्या डोळ्यात घालायचे हेच कार्डावर राहिले नसते. आता अक्षरे जशी असतील तशीच उतरवते. शंका आली तर त्याभोवती पेन्सिलीने गोल करून डॉक्टरांना विचारते. आजींना मात्र उजव्या डोळ्याला बोट लावूनच सांगितले.