तलासरीतील शून्य आणि दोन

पालघर जिल्ह्यातील मातामृत्यूंच्या बातम्यांत डहाणू-तलासरीचे नाव आले की एका वर्षाची संख्या मागच्या वर्षाशी ताडून पाहिली जाते; पण छोट्या तालुक्यात अशी तुलना किती फसवी ठरते, हे साध्या आकडेमोडीतून दिसते.

२०११च्या जनगणनेनुसार तलासरीची लोकसंख्या सुमारे दीड लाख होती. हजारी २० हा जन्मदर गृहीत धरल्यास वर्षाला ३,००० बाळंतपणे होतात. २०१८-२०च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचे मातामृत्यू प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३, म्हणजे दर बाळंतपणामागे ०.०००३३ होते. प्रत्येक बाळंतपण स्वतंत्र आणि धोका सर्वत्र सारखा मानला, तर वर्षभरातील मृत्यूंची संख्या द्विपद वितरणाने मिळते आणि एकही मृत्यू न होण्याची शक्यता (०.९९९६७)^३००० इतकी येते. प्रसंग पुष्कळ आणि प्रत्येकातील धोका अत्यल्प असला की प्वासाँ वितरण हेच काम सोपे करते, कारण त्याला केवळ अपेक्षित सरासरी लागते. ती येथे ३,००० × ०.०००३३ = ०.९९ आहे. शून्याची शक्यता e^(-०.९९), म्हणजे ३७ टक्के, एका मृत्यूचीही तेवढीच, दोनची १८ आणि तीन किंवा अधिकची ८ टक्के. धोका तसूभरही न बदलता एका वर्षी शून्य आणि पुढच्या वर्षी दोन मृत्यू नोंदले जाणे अगदी संभवनीय आहे.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. तालुक्यातील खरा धोका राज्याच्या दुप्पट असेल, तरीही सुमारे सात वर्षांतून एका वर्षी शून्यच दिसेल; त्या शून्यावर समाधान मानून यंत्रणेची पाठ थोपटणे घातक आहे.

मात्र गणिताची गृहीतके तपासावी लागतात. पावसाळ्यात पाड्याचा रस्ता तुटला किंवा रक्त मिळेनासे झाले, तर अनेक बाळंतिणींचा धोका एकदमच वाढतो आणि घटना स्वतंत्र राहत नाहीत. तेव्हा चढउतार प्वासाँच्या अपेक्षेपेक्षा मोठे दिसतात. शिवाय सिल्वासा किंवा वलसाडला हलवलेल्या स्त्रीचा मृत्यू तेथेच घडल्यास जन्म-मृत्यू नोंदणी घटनास्थळी होते. निवासस्थानानुसार तो तलासरीकडे वळवला गेला नाही, तर येथील शून्य केवळ कागदावरचे ठरते.

म्हणून काही वर्षे एकत्र घेणे भाग आहे. धोका राज्याइतकाच असताना एका वर्षात दोन किंवा अधिक मृत्यू होण्याची शक्यता २६ टक्के आहे. पाच वर्षांत अपेक्षित पाचच्या जागी दहा किंवा अधिक होण्याची मात्र जेमतेम ३ टक्के. प्रमाण दोन्हीकडे दुप्पटच, पण दुसऱ्या वेळी योगायोगाची सबब टिकत नाही. प्रत्येक मृत्यूची चौकशी तर तत्काळच व्हायला हवी. तिच्या जोडीला जिल्हा आरोग्य यंत्रणेने मातेच्या निवासस्थानानुसार पाच-पाच वर्षांचे तालुकानिहाय आकडे, बाळंतपणांच्या संख्येसह, जाहीर करावेत.