पितळी दौतीवरची तारीख

जुन्या बाजारात पितळी बैठकीची, आत काचेचं भांडं बसवलेली इंग्रजी दौत हाती आली, तर आधी ती उलटी करून पाहावी. तळाशी, नाहीतर झाकणाच्या आतल्या अंगाला, शंकरपाळीच्या आकाराचं एक चिन्ह कधीकधी सापडतं. मधोमध ‘आर डी’ ही इंग्रजी अक्षरं, डोक्यावर छोटं वर्तुळ आणि चारही कोपऱ्यांत एकेक अक्षर किंवा आकडा. त्या दौतीच्या घडणीची नोंद लंडनच्या सरकारी कचेरीत ज्या दिवशी झाली, तो दिवस, तो महिना आणि ते वर्ष या नखाएवढ्या जागेत लिहिलेलं असतं. मला तरी याचं आश्चर्य अजून ओसरत नाही.

ही खूण १८४२ ते १८८३ या काळातली. दुसऱ्याने घडणीची नक्कल करू नये म्हणून कारखानदार नोंदणी करत आणि मालावर ती उमटवत. वर्तुळातला रोमन आकडा वस्तूचा वर्ग सांगतो: एक म्हणजे धातू, तीन म्हणजे काच, चार म्हणजे चिनी माती.

समजा, वर्तुळात एक आहे. त्याखालच्या वरच्या कोपऱ्यात ५, उजवीकडे ‘व्ही’, खाली ‘एच’ आणि डावीकडे आणखी एक आकडा. ‘व्ही’ हे वर्षाचं अक्षर, १८७६. ‘एच’ म्हणजे एप्रिल. वरचा ५ ही तारीख आणि डावीकडचा आकडा त्या दिवशीच्या नोंदीचा क्रमांक. म्हणजे धातूच्या वर्गात ५ एप्रिल १८७६ रोजी झालेली नोंद. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत, म्हणून तक्ता जवळ ठेवावाच लागतो.

खरी गंमत पुढे आहे. १८६७पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात असे. सगळी अक्षरं संपली, तेव्हा १८६८पासून तीच अक्षरं त्याच क्रमाने पुन्हा वापरायला घेतली आणि वर्षाची जागा उजवीकडे नेली. म्हणून ‘व्ही’ उजवीकडे असेल तर १८७६ आणि वर असेल तर १८५०. अक्षर तेच, पण जागा बदलली की दौत बरोबर २६ वर्षांनी जुनी ठरते. घाईत वाचणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते.

ही तारीख घडणीच्या नोंदीची आहे, त्या विशिष्ट दौतीच्या जन्माची नव्हे. दौत तिच्याआधीची असू शकत नाही, नंतरची मात्र असू शकते, कारण चांगला खपणारा साचा वर्षानुवर्षं चाले. शिवाय पितळेवरची खूण आतल्या काचेबद्दल काहीच सांगत नाही. काच फुटली की बदलली जाई. भांडं खोबणीत हलत असेल, त्याचा काठ झाकणाशी जुळत नसेल, किंवा पितळ झिजून गुळगुळीत झालेलं असताना काचेच्या तळावर एकही ओरखडा नसेल, तर ती जोडी मागाहून जमवलेली समजावी.

पितळेच्या पोटात काच ठेवण्यामागे शाईचं कारण आहे. युरोपातली नेहमीची शाई माजूफळ आणि हिराकस यांची, म्हणून आम्लधर्मी. ती पितळ खाते आणि टाकाचं पोलादी निबही. आपल्याकडे मोडी लिहिणाऱ्यांची काजळ-डिंकाची शाई धातूला तशी लागत नाही, म्हणून बोरूसाठीची पितळी दौत काचेविना चालून जाते. आतून नुसतं पितळ दिसलं म्हणून काच हरवली असं लगेच समजू नये.

टाकाच्या निबावर बर्मिंगहॅमच्या जोसेफ जिलटचं नाव असलं, तरी त्यावरून दौतीचं वय काढू नये. शाईने गंजलेलं निब सतत बदललं जाई, त्यामुळे ते दौतीपेक्षा कितीतरी नवं असू शकतं.

नकली माल ओळखायलाही हेच चिन्ह उपयोगी पडतं. जुन्या दौतीवरूनच साचा घेऊन नवी ओतली, की चिन्हही उतरतं, पण अक्षरांच्या कडा बोथट होतात, कोपऱ्यातले आकडे भरून येतात. पितळ निवताना आक्रसतं, त्यामुळे अशी नक्कल मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान भरते. अस्सल जोड हाताशी असेल तर कॅलिपरने मापून पाहावं.

१८८४पासून ही शंकरपाळी बंद झाली आणि एकपासून सुरू होणारे सलग नोंदणी क्रमांक आले. १९०० सुरू होईपर्यंत ते साडेतीन लाखांच्या पुढे गेले होते, म्हणून नुसत्या क्रमांकावरूनही वर्ष काढता येतं. जुन्या नोंदवह्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत. दौतीवरची तारीख आणि नोंदीचा क्रमांक घेऊन तिथे शोधलं, की नोंदणी करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि त्याने दिलेलं मूळ चित्र समोर येऊ शकतं. त्या चित्राशी झाकणाचा घुमट आणि काचेचा आकार ताडून पाहिला, की आपल्या दौतीत मागाहून काय बदललं तेही कळतं.