जाड कापडाची सुई आणि दोरा

जाड कापड शिवताना आधी दोरा ठरवावा, मग सुई, आणि टाक्याची लांबी सर्वांत शेवटी. घरोघरी हा क्रम सहसा उलटा होतो. मशीनला असलेली सुई तशीच राहते आणि दोरा फक्त रंग जुळवून आणला जातो. पुढे टाके सुटतात, दोरा तुटतो आणि दोष मशीनवर येतो.

दोऱ्याची जाडी टेक्स या मापाने सांगतात. हजार मीटर दोऱ्याचे वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा टेक्स. ब्लाउज किंवा सदऱ्याला साधारण २७ ते ३० टेक्सचा दोरा पुरतो. डेनिम आणि कॅनव्हासला ४० ते ६० टेक्सचा लागतो. काही रिळांवर टेक्सऐवजी तिकीट क्रमांक असतो आणि तो उलटा चालतो: १२० म्हणजे नेहमीचा बारीक दोरा, ५० म्हणजे जाड. तिन्ही कामांना पॉलिएस्टर दोराच बरा. सुती दोरा घर्षणाने लवकर झिजतो, आणि हिरडा किंवा बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिनमुळे हळूहळू कुजतो.

सुईच्या पाकिटावर १००/१६ असे दोन आकडे असतात. १०० म्हणजे सुईची जाडी एक मिलिमीटर. डेनिमला १६ नंबरची, तर कॅनव्हासला किंवा डेनिमचे अनेक थर एकत्र आल्यास १८ नंबरची सुई घ्यावी. सुईच्या अंगावर एक उभी खाच असते. सुई कापडात शिरताना दोरा त्या खाचेत बसून खाली जातो. सुई वर येऊ लागली की नेढ्याजवळ त्याचा छोटा फास तयार होतो आणि शटलचे टोक तो उचलते. जाड दोरा बारीक सुईच्या खाचेत मावत नाही. तो कापडावर घासतो आणि त्याची लव निघते. शिवाय बारीक सुई जाड थरात वाकते, फास शटलपासून दूर जातो आणि टाका सुटतो. जोडी जुळते का हे मशीनवर न चढताही कळते. सुईत दोरा ओवून तो तिरपा ताणून धरावा. सुई आपल्या वजनाने खाली घसरली, तर जोडी योग्य. अडली, तर एक नंबर मोठी सुई हवी.

जीन्सची लांबी कमी करणे ही या सगळ्याची खरी परीक्षा. पायाच्या दुमडलेल्या शिवणीत कापडाचे चार थर असतात. खालची कड दोनदा दुमडली की त्याच जागी बारा थर होतात. तिथे चढताना मशीनचा पाय पुढून उचलला जातो, त्याची कापडावरची पकड सुटते, आणि टाके आधी आखूड पडून मग सुटू लागतात. म्हणून तो उंचवटा आधी हातोडीने ठोकून चपटा करावा. पाय तिरका होऊ लागताच त्याच्या मागच्या भागाखाली तितक्याच जाडीचा घडी घातलेला पुठ्ठा सरकवावा आणि तेवढे चार-सहा टाके हाताने चाक फिरवून घालावेत. टाका ३ ते ३.५ मिलिमीटरचा ठेवावा. वरून दिसणारा पिवळा दोरा ६० टेक्सचा असला, तरी बॉबिनमध्ये नेहमीचा दोरा चालतो. खालचा दोरा ठिपक्यांसारखा वर दिसला, तर वरचा ताण सैल करावा. खालच्या बाजूला वेटोळी दिसली, तर वाढवावा. ही चाचणी तितक्याच थरांच्या चिंधीवर घ्यावी. एका थरावर जमलेला ताण बारा थरांवर टिकत नाही.

कॅनव्हासला हेच माप लागू पडते. पिशवीचा बंद जोडताना मात्र सरळ टीप पुरत नाही. चौकोन शिवून त्यात फुली मारावी, म्हणजे ओझे एका रेषेवर येत नाही.

पातळ चामड्याचे गणित वेगळे आहे. कापडाचे धागे सुईला बाजूला होऊन वाट देतात. चामड्यात पडलेले भोक कायमचे राहते. त्यासाठी पात्यासारख्या टोकाची चामड्याची सुई मिळते. रेग्झिनला मात्र ती लावू नये, कारण ती मागचे अस्तर कापते. चामड्यावर टाका ३.५ ते ४ मिलिमीटरचा हवा. भोके जवळजवळ पडली, तर चामडे पोस्टाच्या तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. याच कारणाने शेवटी उलटी टीप मारू नये. दोऱ्याची लांब टोके सोडून ती आतल्या बाजूला ओढावीत आणि गाठ मारावी. टाचण्यांऐवजी चिमटे वापरावेत. पाय चिकटून चामडे सरकत नसेल, तर वर पातळ कागद ठेवून शिवावे आणि नंतर तो फाडून काढावा.

साधारण एक मिलिमीटर जाडीचे दोन थर घरची मशीन ओढू शकते. त्याहून जाड चामडे हाताने शिवलेले चांगले. आरीने भोके पाडून, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया आरपार नेतात. अशा शिवणीत एक दोरा तुटला, तरी दुसरा त्याच भोकांतून गेलेला असल्याने शिवण उसवत नाही. मशीनच्या टिपेला ही सोय नाही.