हॅलोला उत्तर किती वेळात यावं?

फोन लागला की आपण "हॅलो" म्हणतो आणि पलीकडून "हं, बोल रे" असं येतं. या दोहोंच्या मधे किती वेळ जायला हवा? प्रश्न रिकामटेकडा वाटेल. पण वन-नॉर्थला नोकरी करणाऱ्या आम्हा काही मराठी मंडळींमध्ये जेवणाच्या सुट्टीत एक तक्रार वरचेवर निघते, आणि तिचं मूळ या प्रश्नातच आहे. इथे दुपारचा एक वाजला की तिकडे साडेदहा झालेले असतात. बाबांचा पेपर वाचून झालेला असतो, आईचा कुकर लागलेला असतो, आणि फ्यूजनोपोलिसच्या खाली उभं राहून घरी फोन करायला ही वेळ बरी पडते. फोन झाल्यावर कुणी म्हणतो, "आईला वाटतं माझं लक्षच नसतं." दुसरी म्हणते, "बाबा हल्ली तुटक बोलतात." भांडण नाही, रुसवा नाही, तरी काहीतरी खटकत राहतं.

समोरासमोरच्या गप्पांचं माप आधी सांगतो. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली दहा भाषांमधली रोजची संभाषणं तपासली. हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर यायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे ०.२ सेकंद लागतो असं दिसलं. जपानी माणसं जरा घाईची, डॅनिश जरा संथ, पण फरक थोडाच. त्या दहांत मराठी नव्हती, मात्र आपल्याकडे समोरच्याचं वाक्य संपायच्या आत "हो ना, अगदी!" म्हणायची जी हौस आहे ती पाहता आपण संथ गटात बसू असं आम्हाला तरी वाटत नाही. ०.२ सेकंद म्हणजे विचार करून बोलायलाही अपुरा वेळ. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर तयार करत असतो, आणि तोही तसंच करत असणार हे गृहीत धरलेलं असतं. म्हणूनच उत्तराला पाऊण सेकंद लागला तरी आपण त्या शांततेचा अर्थ लावू लागतो: याला पटलेलं नाही, याला सांगायचं नाही, किंवा हा दुसरंच काही करतोय.

आता या संभाषणाच्या मधे समुद्र घाला.

१९७० च्या दशकाच्या आरंभी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी इथे परदेशी दळणवळणासाठी उपग्रह केंद्र उभं राहिलं. त्याला विक्रम साराभाईंचं नाव आहे. त्याच सुमारास सिंगापूरने सेंटोसा बेटावर आपलं केंद्र उघडलं. अशा केंद्रांतून फोन जायचा तो विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच टांगलेल्या उपग्रहामार्फत. (वन-नॉर्थ हे नाव सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम एक अंश उत्तरेला आहे यावरून पडलंय, हे जाता जाता.) आवाज वर जाऊन खाली यायचा म्हणजे सत्तर हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास, आणि रेडिओलहरीलाही त्याला पाव सेकंद लागणारच. तुमचा "हॅलो" जायला पाव, उत्तर यायला पाव. समोरच्याने तत्काळ तोंड उघडलं तरी अर्धा सेकंद गेलाच. ज्यांनी ते फोन केले त्यांना आपलाच आवाज मागून ऐकू येणं, एकदम दोघांनी बोलणं, मग दोघांनी गप्प बसणं हे सगळं आठवत असेल. मिनिटामागे पैसे मोजत असताना ही शांतता फार महाग पडायची.

मग समुद्राखालच्या काचतंतूंच्या तारा आल्या. २००२ साली चेन्नई ते सिंगापूर अशी थेट तार पडली, लांबी ३२०० किलोमीटरच्या आसपास. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. चेन्नईहून पुढे पुण्यापर्यंतचा जमिनीवरचा रस्ता आणि वळसे धरून पाच हजार किलोमीटर मानले, तरी एका बाजूला ०.०२५ सेकंद. उपग्रहाच्या दहावा हिस्सा! अंतराचा प्रश्न मिटला म्हणायचा.

तरीही आमच्या फोनात उशीर होतोच, आणि तो समुद्रात होत नाही, खिशात होतो. इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनात आवाजाचे छोटे तुकडे करतात, बहुधा ०.०२ सेकंदाचा एक. हे तुकडे वाटेत मागेपुढे होतात. ते ओळीने लावता यावेत म्हणून ऐकणाऱ्याचा फोन थोडे तुकडे साठवून मगच ऐकवायला लागतो. घरातलं वायफाय धड नसेल, आई राउटरपासून दोन भिंती पलीकडे स्वयंपाकघरात असेल, तर फोन जास्त साठा करतो, आणि जितका साठा तितका उशीर. वर कानातले बिनतारी ईअरफोन स्वतःचा उशीर घालतात. प्रकारानुसार कमीजास्त, पण कधी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढाही. दोघांच्याही कानात ते असतील तर दुप्पट. गंमत अशी की साठा वाढवला की आवाज स्वच्छ येतो. खरखर नाही, तुटणं नाही, त्यामुळे "लाइन खराब आहे" असं कुणालाच वाटत नाही. दोष मग माणसाकडे जातो.

हा उशीर घरच्या घरी मोजता येतो. दोघांनी आळीपाळीने आकडे म्हणायचे: तुम्ही एक, त्यांनी दोन, तुम्ही तीन, असं वीसपर्यंत, न थांबता. आधी शेजारी बसलेल्या माणसाबरोबर म्हणून वेळ बघा, मग फोनवर. वीस आकड्यांत आवाजाच्या साधारण दहा फेऱ्या होतात, म्हणून जास्त लागलेल्या वेळाला दहाने भागलं की एका फेरीचा उशीर मिळतो. आमच्यातल्या एकाने हे केलं. टेबलावर ११ सेकंद लागले, आईबरोबर फोनवर १८. फरक सातचा, म्हणजे फेरीला ०.७ सेकंद, एका बाजूला ०.३५. आकडा अंदाजीच, कारण माणूस फोनवर थोडा सांभाळूनही बोलतो. पण कुठे पाणी मुरतंय ते कळायला पुरेसा.

०.३५ सेकंदाने काय होतं ते याच घरच्या एका प्रश्नावर लावून पाहू. आई विचारते, "दिवाळीला येतोस ना?" तिचं वाक्य संपतं त्या क्षणाला शून्य धरू. ते मुलाच्या कानी संपतं ०.३५ ला. तो नेहमीच्या तत्परतेने, ०.५५ ला म्हणू लागतो, "हो, येतो ना." ते आईला ऐकू येणार ०.९० ला. पण आईच्या कानाला तोवर शांतताच आहे, आणि ०.८० ला, मुलगा अवघडला असेल असं समजून, ती मायेने म्हणते, "जमत नसेल तर राहू दे." पाठोपाठ त्याचा "हो" येतो, आणि तिला वाटतं तो राहू देण्यालाच हो म्हणतोय. तिकडे मुलाला तिचं वाक्य ऐकू येतं १.१५ ला, त्याचं "येतो ना" तोंडातून पुरतं बाहेर पडताना. म्हणजे त्याच्या कानी हिशोब असा: मी ताबडतोब येतो म्हटलं, आणि आई म्हणाली राहू दे.

दोघांनीही आपापल्या परीने वेळेवर उत्तर दिलं. दोघांनाही समोरचा विचित्र वागला असं ऐकू आलं. नंतर दोघांनी एकमेकांना विचारलं तरी उलगडा व्हायचा नाही, कारण ऐकलेली दोन संभाषणंच वेगळी आहेत.

बर्लिनच्या काही संशोधकांनी नेमका हाच गोंधळ तपासला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचं शीर्षकच "तू एवढा हळू का?" अशा अर्थाचं आहे. फोनवर मुद्दाम उशीर घातला की बोलणारे लाइनला नव्हे, समोरच्या माणसाच्या स्वभावाला नावं ठेवतात. तो कमी लक्ष देणारा वाटतो. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने उपग्रहाच्या तयारीत असेच प्रयोग केले होते. त्यात दिसलं की अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा उशीर पुष्कळांना जाणवलाच नाही, पण एकदा त्याहून मोठा उशीर अनुभवला की मग तो आधीचाही खटकू लागला.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, तो हुंकाराचा. मराठी माणूस ऐकताना गप्प बसत नाही. "हं", "बरं", "मग?", "अगंबाई!" हे वाक्याच्या जोडावर टाकायचे असतात. उशीर असला की ते जोडावर न पडता पुढच्या वाक्याच्या मधोमध येऊन पडतात. आई थांबते: "काय म्हणालास?" "काही नाही, बोल तू." असं चारदा झालं की मुलगा "हं" म्हणायचंच सोडतो, आणि मग खरोखरच आईला वाटतं की याचं लक्ष नाही. उलट आजी एखादी गोष्ट सलग पाच मिनिटं सांगत असेल तर तेवढ्याच उशिराचा पत्ताही लागत नाही. उशीर बोचतो तो पटापट देवाणघेवाणीत: तारखा ठरवताना, पैशाचं बोलताना, तब्येतीची चौकशी करताना. नेमकं जिथे समोरच्याच्या सुरावरून आपण खरं-खोटं जोखतो तिथेच.

जागतिक दूरसंचार संघटनेची जी.११४ नावाची शिफारस आहे. तिच्या मते एका बाजूचा उशीर ०.१५ सेकंदापर्यंत असला तर बहुतेक संभाषणांना बाध येत नाही, आणि ०.४० च्या वर तर जाऊच नये. तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर असं काढता येतं: माणसाचे ०.२ आणि लाइनचे दोन्ही बाजूंचे मिळून ०.३, म्हणजे "हॅलो"ला अर्ध्या सेकंदात "हं" यायला हवं. एक सेकंद लागत असेल तर आधी लाइन तपासावी, मग माणूस.

वर सांगितलेल्या घरी तसं केलं. मुलाने बिनतारी ईअरफोन काढून तारेचा लावला, आईला फोन घेऊन दिवाणखान्यात राउटरजवळ बसायला सांगितलं. पुन्हा वीसपर्यंत आकडे म्हटले, १४ सेकंद लागले. म्हणजे फेरीला ०.३. आई म्हणाली, "आज बरा बोलतोयस. काल कंटाळला होतास का?" त्याने ईअरफोनचं समजावून पाहिलं. तिला ते फारसं पटलेलं नाही, पण दुपारी फोन यायच्या वेळेला ती आता कुकर लावून बाहेर येऊन बसते.