मोटर तापतेय? तिन्ही फेजचे व्होल्टेज तपासा

वर्कशॉपमधील लेथची थ्री-फेज मोटर नेहमीच्याच लोडवर जास्त तापतेय? मोटर चालू असताना इलेक्ट्रिशियनकडून तिच्या टर्मिनलवर दोन-दोन फेजमधील व्होल्टेज मोजून घ्या.

समजा, ते ४१२, ४०० आणि ३८८ भरले. सरासरी ४००, तिच्यापासूनचा सर्वाधिक फरक १२. म्हणजे असंतुलन ३ टक्के. हे किरकोळ वाटते. पण त्यामुळे मोटरमध्ये उलट फिरणारे चुंबकीय क्षेत्रही तयार होते आणि करंटमधील तफावत व्होल्टेजच्या ६ ते १० पट होऊ शकते. ढोबळ हिशेबाने तापमानवाढ सुमारे १८ टक्क्यांनी जास्त होते आणि वाइंडिंगचे इन्सुलेशन लवकर जळते.

सैल जोडणी शोधा, एकाच फेजवरचा सिंगल-फेज लोड वाटून द्या. असंतुलन १ टक्क्याच्या आत ठेवा. ५ टक्क्यांपुढे मोटर चालवूच नका.