वास्तुशांतीच्या दिवशी यजमानाचे आभाराचे छोटे भाषण : तयारी आणि नमुना



वास्तुशांतीची पूजा झाली, होम झाला, पाहुणे जमले की कुणीतरी म्हणतंच, "आता यजमानांनी दोन शब्द बोलावेत." अशा वेळी बरेच जण खिशातून नावांची यादी काढतात. यादीत एखादं नाव राहतं आणि त्याचा रुसवा पुढे प्रत्येक लग्नकार्यात ऐकावा लागतो. म्हणून यादी न वाचता हे भाषण कसं बांधायचं, ते आज पाहू.

केव्हा आणि किती वेळ?

आरती झाल्यावर, पंगत बसण्याआधी बोलावं. पानं वाढल्यावर कुणाचंही लक्ष राहत नाही. दोन-तीन मिनिटं पुरेत.

क्रम कसा लावायचा?

नात्याच्या मानाने क्रम लावला की आधी कोण, नंतर कोण, यावरून मानापमान होतो. त्यापेक्षा घर ज्या क्रमाने उभं राहिलं, तोच क्रम घ्यावा : जागा, पाया, स्लॅब, भिंती, शेवटचं काम. प्रत्येक टप्प्यावर कोण उपयोगी पडलं आणि त्याने नेमकं काय केलं, एवढंच सांगायचं. या क्रमाने माणसं आपोआप आठवतात आणि मागे-पुढे उल्लेख झाल्याचं कुणाला वाईटही वाटत नाही.

नमुना भाषण

"जमलेल्या सर्व वडीलधाऱ्या मंडळींना नमस्कार.

ही जागा अण्णांनी घेऊन ठेवली होती. आज ते नाहीत, पण या घरात पाऊल टाकताना पहिली आठवण त्यांचीच आली.

पाया खणताना खडक लागला आणि काम आठ दिवस थांबलं. तेव्हा मामांनी ब्रेकर मिळवून दिला आणि तीन दिवस स्वतः उन्हात उभे राहिले. मामा, तुम्ही नसता तर पावसाळ्याआधी जोतं वर आलं नसतं.

स्लॅबच्या दिवशी भावकीतली आणि गल्लीतली पोरं पहाटेपासून राबली. त्या दिवशी इथं असलेल्या प्रत्येकाला मी हात जोडतो. पुढे १४ दिवस स्लॅबवर पाणी ठेवायचं होतं आणि मी नोकरीमुळे बाहेरगावी. शेजारच्या काकूंनी रोज सकाळ-संध्याकाळ आळ्यांमध्ये पाणी सोडलं. काकू, स्लॅबला तडा नाही तो तुमच्यामुळे.

मिस्त्री आणि त्यांच्या माणसांनी हे घर स्वतःचं समजून बांधलं. त्यांच्या चहापाण्याचं सहा महिने माझ्या पत्नीने आणि वहिनींनी पाहिलं. ते कष्ट खर्चाच्या वहीत कुठंच लिहिलेले नाहीत, म्हणून इथं सांगतो.

हे घर तुमचंच आहे, येत राहा. पानं मांडली आहेत, जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये."

या नमुन्यात काय पाहायचं?

मामांना आणि काकूंना "मी आपला आभारी आहे" असं म्हटलेलं नाही. जवळच्या माणसाला हे वाक्य परकं वाटतं. त्यांनी केलेलं काम आणि त्यामुळे काय झालं, हे सांगितलं की आभार त्यातच येतात.

जिथे मदत करणारे पुष्कळ होते, तिथे एकही नाव घेतलेलं नाही. पाच नावं घेतली की सहावा दुखावतो. त्यामुळे गट असेल तर सगळा गट, आणि एकट्याने केलेलं वेगळं काम असेल तरच त्या माणसाचा उल्लेख.

दिवंगत माणसाची आठवण सुरुवातीला आणि एकाच वाक्यात आहे. ती शेवटी घेतली तर गळा दाटून येतो आणि जेवणाचा आग्रह करायचाच राहतो.

पैशाची मदत कशी सांगायची?

हा सर्वांत नाजूक भाग आहे. कुणी उसने पैसे दिले असतील तर रक्कम कधीही सांगू नये. ते पैसे दिल्याचं त्यांच्या घरातही सर्वांना माहीत असेलच असं नाही. आदल्या दिवशी त्यांना विचारावं, "उद्या तुमचा उल्लेख केला तर चालेल ना?" ते नको म्हणाले तर उल्लेख टाळावा आणि पंगतीनंतर त्यांना एकट्याला भेटून बोलावं. "काहींनी पैशाचीही मदत केली" असं मोघम बोलू नये, कारण मग लोक ते कोण याचा अंदाज बांधत बसतात.

तयारी

आदल्या रात्री घरातल्या दोघांनी मिळून पायापासून रंगापर्यंतचे टप्पे आठवावेत. एकाला जे आठवत नाही ते दुसऱ्याला आठवतं. कागदावर फक्त टप्पे लिहावेत, पूर्ण वाक्यं नकोत. मग एकदा मोठ्याने बोलून पाहावं. तीन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर घराच्या अडचणींची आणि खर्चाची वाक्यं कापावीत, माणसांची नकोत.

सातवी-आठवीच्या मुलांकडून आभाराचं भाषण लिहून घेताना हीच रीत वापरता येईल : आधी कामाचे टप्पे, मग प्रत्येक टप्प्यावरचं माणूस. स्नेहसंमेलनाच्या आभारप्रदर्शनालाही ती चालते.